चेहरा झाकला तरी मूल ओळखू येते: शाळेच्या कार्यक्रमाची पोस्ट कशी लिहावी

क्रीडा दिन संपतो, मैदानावर चुन्याच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या असतात आणि शिक्षक-खोलीतून हाक येते, "पोस्ट टाकली का?" अशा घाईत लिहिलेला एक मजकूर समोर ठेवतो. मीच लिहिला होता, काही वर्षांपूर्वी. मुलीचे नाव तेवढे इथे देत नाही. मूळ पोस्टमध्ये ते दिले होते.

"आज आमच्या शाळेच्या मैदानावर क्रीडा दिन उत्साहात पार पडला. सहावी 'ब'च्या (मुलीचे पूर्ण नाव) हिने पायाला दुखापत असूनही रिलेचा शेवटचा टप्पा जिंकून वर्गाला ढाल मिळवून दिली. याच वर्षी दुसऱ्या गावाहून आलेली ही गुणी मुलगी रोज शाळा सुटल्यावर पाच वाजेपर्यंत एकटीच मैदानावर सराव करते. तिच्या आईबाबांचे विशेष अभिनंदन!"

खाली चार फोटो. एका फोटोत ती ढाल घेऊन उभी, छातीवर सतरा क्रमांक, गळ्यात ओळखपत्र.

मुख्याध्यापिकांनी संध्याकाळी फोन करून सांगितले, "नाव काढा." मी नाव काढले, चेहऱ्यावर एक हसरा गोळा चिकटवला आणि निर्धास्त झालो. पोस्टमधला खरा धोका मात्र जसाच्या तसा राहिला होता. वर्ग तोच, शर्यत तीच, दुखापत तीच, "याच वर्षी आलेली" तेच. आणि सगळ्यात वाईट वाक्य कोणते, तर एक मूल रोज कोणत्या वेळी कुठे एकटे असते हे सांगणारे. नाव नसतानाही ते वाक्य पुरेसे आहे. नाव असेल तर परक्या माणसाला फाटकाजवळ उभे राहून "अगं, आईने घ्यायला पाठवलंय" म्हणण्याइतके साहित्य मिळते.

तेव्हापासून मी पोस्ट वेगळ्या क्रमाने करतो. आधी माणसे, मग मजकूर, फोटो सर्वांत शेवटी. बहुतेक जण फोटो आधी निवडतात आणि त्याखाली ओळी लिहितात; मग जे फोटोत दिसते त्याचीच नावे लिहाविशी वाटतात. इथला क्रीडा दिन हे उदाहरण धरून तो क्रम सांगतो. गाण्याचा कार्यक्रम असो किंवा विज्ञान प्रदर्शन, रीत तीच.

पहिली पायरी: कोणापासून जपायचे ते ठरवा

शाळेतल्या मुलांना आणि कार्यक्रमाला आलेल्या पालकांना रिले कोणी जिंकली हे माहीतच असते. त्यांच्यापासून काही लपवायचे नाही आणि लपणारही नाही. म्हणून "ओळखच पटू नये" असे ध्येय ठेवले की माणूस वैतागतो आणि मग सगळेच सोडून देतो.

ध्येय एवढेच ठेवावे: जो तिथे नव्हता, त्याला ही पोस्ट वाचून एका ठरावीक मुलापर्यंत पोहोचता येऊ नये. पोस्टच्या जोडीला आणखी एखादा धागा त्याच्या हाती असला तरीही. धागा म्हणजे शाळेच्या पानावरची निकालाची यादी, एखाद्या मावशीची कौतुकाची ओळ, मुलाच्या दादाचे उघडे खाते. प्रत्येक धागा एकटा निरुपद्रवी दिसतो. दोन धागे जोडले की नाव तयार होते.

आणि "जो तिथे नव्हता" तो नेहमी अनोळखीच असतो असे नाही. काही घरांमध्ये आईवडील वेगळे झालेले असतात आणि मुलाचा ताबा, पत्ता, शाळा हे एका बाजूला कळू नये अशी न्यायालयाची किंवा घराची व्यवस्था असते. काही कुटुंबे कोणाच्या तरी त्रासाला कंटाळून गाव बदलतात. अशा मुलाला शोधणाऱ्या माणसाला नाव आणि चेहरा आधीच पाठ असतो. त्याला हवी असते फक्त शाळा. ती आपण गणवेशासकट देतो. माझ्या मजकुरातले "याच वर्षी दुसऱ्या गावाहून आलेली" हे शब्द नेमके अशाच माणसाच्या उपयोगाचे होते. ते मी का लिहिले? वाक्याला जरा भर यावा म्हणून.

दुसरी पायरी: परवानगी आधी, आणि तीन वेगळ्या प्रश्नांत

वर्षाच्या सुरुवातीला "फोटो काढण्यास हरकत नाही" अशी एक ओळ सही करून घेण्याची पद्धत कामाची नाही, कारण त्या एका ओळीत तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. मूल शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर दिसणे, वर्गाच्या पालक-ग्रुपमध्ये दिसणे आणि साऱ्या जगाला दिसणे. पहिल्याला हो म्हणणारे पालक तिसऱ्याला नाही म्हणू शकतात. तिन्ही प्रश्न वेगळे विचारा, प्रत्येकासमोर हो-नाहीची चौकट द्या, आणि मत कधीही बदलता येईल हे तिथेच लिहा. मुलालाही विचारा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या फोटोबद्दल ठाम मत असते. दात पडलेला असताना ते जास्तच ठाम असते.

ज्यांनी नाही म्हटले त्यांची यादी फोटो काढणाऱ्याकडे आधी पोहोचली पाहिजे, पोस्ट लिहिणाऱ्याकडे नंतर नव्हे. कारण मूल चौकटीत आल्यावर झाकण्यापेक्षा ते चौकटीत न आणणे कितीतरी सोपे. मात्र त्यासाठी मुलाला रांगेतून बाजूला काढू नका. "तू जरा इकडे ये, फोटो काढायचाय" हे वाक्य सगळ्यांदेखत ऐकलेले मूल ते विसरत नाही. आपणच जागा बदलावी. ते मूल डाव्या टोकाला असेल तर उजवीकडून, पाठीमागून किंवा फक्त पायांचा फोटो घ्यावा.

तिसरी पायरी: मैदानावर वही घेऊन जा

उत्सव दाखवायचा आणि चेहरे नाहीत, तर मग दाखवायचे काय? हा प्रश्न संध्याकाळी संगणकासमोर बसून पडला तर उत्तर मिळत नाही. मग "उत्साहात पार पडला", "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" अशी वाक्ये येतात, जी कोणत्याही शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमाला चालतात आणि कोणीही वाचत नाही. नावे काढून टाकल्यावर पोस्ट कोरडी पडते अशी तक्रार लोक करतात. बहुतेक वेळा ती नावे असतानाही कोरडीच असते. नावांमुळे फक्त ते लक्षात येत नाही, कारण प्रत्येक पालक आपल्या मुलाचे नाव शोधण्यात गुंग असतो.

म्हणून मैदानावर चारपाच गोष्टी टिपून ठेवा. आवाज कसला होता? काय पडले, काय तुटले, काय विसरले? मोठ्यांची फजिती कुठे झाली? (ही फार उपयोगी जागा. शिक्षकांच्या फजितीला कोणाची परवानगी लागली तर ती त्याच शिक्षकाची, आणि मुलांना ती वाचायला सर्वांत जास्त आवडते.) एकूण आकडे लिहा: किती शर्यती, किती वेळ, किती बॅटन पडले. गटाचा आकडा कोणालाच उघडे पाडत नाही आणि वाचणाऱ्याला मैदान दिसते. त्या दिवशीच्या माझ्या वहीत असे होते: रिलेच्या सहा शर्यती, त्यांत बॅटन पाच वेळा पडले. शिट्टी दुसऱ्या शर्यतीतच बिघडली, मग खेळाच्या सरांनी डबा वाजवून सुरुवात करून दिली. पावसाचे चार थेंब आले आणि कोणीही हलले नाही. शेवटच्या शर्यतीला हरलेला संघ जिंकलेल्या संघापेक्षा जास्त ओरडत होता.

चौथी पायरी: मजकूर लिहा आणि प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा

प्रश्न असा: हे वाक्य किती मुलांना लागू पडते?

"सहावीच्या मुलांनी धाव घेतली" हे ऐंशी मुलांना लागू पडते. "सहावी 'ब'च्या रिले संघाने" हे चौघांना. "शेवटचा टप्पा धावणारी" म्हटले की एकच मूल उरते. एकदा आकडा एकावर आला की नाव असो वा नसो, आपण त्या मुलाकडे बोट दाखवले आहे. मी स्वतः आकडा एका वर्गाइतका, म्हणजे पंचवीस-तीसच्या खाली जाऊ देत नाही. हा काही कायदा नाही, माझ्यापुरती ठरवलेली सोय आहे. लहान शाळेत, जिथे वर्गात दहाच मुले आहेत, तिथे वर्गाचे नावही सोडून द्यावे आणि "मोठी मुले", "लहान मुले" एवढेच म्हणावे.

आकडा झटकन एकावर आणणारी विशेषणे ओळखायला शिका. एकुलती, पहिलीच, सर्वांत लहान, नवीन आलेली, जुळी, चाकाच्या खुर्चीवर बसून भाग घेणारी, आजारातून उठलेली. यांतली शेवटची दोन सर्वांत मोहात पाडतात, कारण त्यांत गोष्ट असते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण ती गोष्ट त्या मुलाची आहे. आजार, अपंगत्व, घरची परिस्थिती यांबद्दलचे वाक्य नाव नसले तरी काढून टाकावे. दहा वर्षांनी ते मूल नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही ती पोस्ट कुठेतरी असेल.

मग वेळ आणि जागा. "दर शनिवारी सकाळी मैदानावर सराव असतो", "सहल उद्या सकाळी निघणार" ही येणाऱ्या काळाबद्दलची वाक्ये उघड्या पोस्टमध्ये नकोतच. घडून गेलेले सांगावे, घडणार आहे ते पालकांच्या ग्रुपमध्ये सांगावे.

आता माझा जुना मजकूर याच चाळणीतून काढला तर काय उरते ते पाहा. पूर्ण नाव गेले. दुखापत गेली. दुसऱ्या गावाहून येणे गेले. रोजचा सराव गेला. आईबाबांचे अभिनंदन गेले, कारण त्यांनी खाली "धन्यवाद सर" लिहिले की आडनाव मिळाले. उरले एवढेच: क्रीडा दिन झाला, रिले झाली, ढाल मिळाली. आणि उत्सवाची एकही गोष्ट उरली नाही, कारण मुळात ती त्यात नव्हतीच. तिथे वहीतल्या नोंदी येतात. नवा मजकूर असा:

"शिट्टी दुसऱ्या शर्यतीतच रुसली. मग खेळाच्या सरांनी कुठूनतरी एक पत्र्याचा डबा आणला आणि उरलेला क्रीडा दिन डब्याच्या ठोक्यावर पार पडला. रिलेच्या सहा शर्यतींत बॅटन पाच वेळा पडले. पाचही वेळा ते उचलून पुन्हा धाव सुरू झाली आणि त्यातला एक संघ चक्क पुढेही निघून गेला. मध्येच पाऊस आला, चार थेंब टाकून कंटाळला आणि गेला; जागचे कोणी हलले नाही. शेवटच्या शर्यतीनंतर सर्वांत मोठा जल्लोष कोणाचा होता माहीत आहे? हरलेल्यांचा. ढाल आता वर्षभर सहावीच्या मजल्यावर असेल. तिला हात लावायला रांग लागली आहे."

यात एकही मूल नाही आणि सगळी मुले आहेत. जिच्यामुळे ढाल आली तिला वाचताना कळेल की आपले बॅटनही त्या पाचांत होते. तिच्या वर्गालाही कळेल. बाहेरच्याला कळणार नाही.

विजेत्यांची नावे जाहीर करायचीच असतील, तर एक जुना सोपा नियम आहे: नाव दिले तर फोटो नको, फोटो दिला तर नाव नको. तो पाळायला बरा, पण अपुरा. नावांची यादी एका पोस्टमध्ये आणि बक्षीस घेतानाचे फोटो दुसऱ्या पोस्टमध्ये त्याच क्रमाने टाकले, तर दोन्ही शेजारी ठेवून कोणीही जुळवणी करील. नावे शाळेच्या फलकावर लावावीत, सभेत मोठ्याने वाचावीत, घरी पत्र पाठवावे. उघड्या पोस्टमध्ये त्यांची गरज कोणाला आहे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

पाचवी पायरी: चेहऱ्याशिवायचे फोटो मुद्दाम काढा

चेहरा झाकलेला फोटो आणि चेहरा नसलेला फोटो यांत फार फरक आहे. पहिला पाहणाऱ्याला काहीतरी लपवलेले आहे असे सांगतो. दुसऱ्यात काही लपवल्याची जाणीवच होत नाही.

रिलेसाठी सर्वांत चांगला फोटो म्हणजे बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात जातानाचा. फक्त दोन मनगटे आणि बॅटन, पार्श्वभूमी धूसर. फोनमधल्या पोर्ट्रेट मोडने हे साधते, नाहीतर हातांच्या अगदी जवळ जावे. आरंभरेषेवर रांगेत टेकलेले बूट. पाठमोरी उभी असलेली, हात उंचावलेली गर्दी. संध्याकाळच्या उन्हात पडलेल्या लांब सावल्या, किंवा सूर्य पाठीमागे ठेवून काढलेल्या काळ्या आकृत्या. मैदानावर एकटा पडलेला पत्र्याचा डबा. शेवटचा फोटो मला सर्वांत आवडतो, कारण मजकूर वाचल्यावर तो पुन्हा पाहावासा वाटतो.

पाठमोऱ्या फोटोतही घात होतो. शर्टच्या पाठीवर नाव किंवा क्रमांक छापलेला असतो. क्रमांकांची यादी कुठेतरी लागलेली असते. पाण्याच्या बाटल्यांवर आणि दप्तरांवर घरच्यांनी ठळक अक्षरांत नाव, कधी फोन नंबरही लिहिलेला असतो आणि मैदानाच्या कडेला त्यांची रांगच असते. गळ्यातले ओळखपत्र धावताना पाठीवर उलटते. मागच्या फळ्यावर संघांची नावे असतात. आणि चकचकीत ढालीत समोर उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे दिसतात. मला हे एका विद्यार्थ्याने दाखवले. म्हणून फोटो निवडल्यावर तो बोटांनी मोठा करून चारही कोपऱ्यांतून एकदा फिरावे. मधला भाग आपण आपोआप पाहतो, कोपरे पाहत नाही.

सहावी पायरी: झाकावेच लागले तर नीट झाका

एखादा फोटो सोडवत नाही आणि त्यात एकदोन चेहरे आहेत, असे होते. तेव्हा पहिला पर्याय कापण्याचा, दुसरा भरीव आकाराने झाकण्याचा. हलके धुरकट करणे किंवा चौकोनी ठिपक्यांत बदलणे हा कच्चा उपाय आहे. त्यात चेहऱ्याची थोडी माहिती शिल्लक राहते. 2016 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले होते, की ठिपक्यांत किंवा धुरात बदललेले चेहरे संगणकाला शिकवून ओळखून घेता येतात. ओळखीच्या माणसाला तर संगणकही लागत नाही. केस, उभे राहण्याची ढब आणि चष्मा पुरतो.

भरीव म्हणजे पूर्ण अपारदर्शक. फोनमधल्या मार्करचा काळा रंग बरेचदा किंचित पारदर्शक असतो. चार वेळा गिरवूनही फोटोचा उजेड वाढवला की खालचे अक्षर किंवा डोळे वर येतात. त्यापेक्षा भरीव चौकोन किंवा स्टिकर बरा, आणि तो चेहऱ्यापेक्षा मोठा असावा. केस आणि कान त्याखाली जावेत.

झाकल्यावर किंवा कापल्यावर फाइल तशीच पाठवू नका. काही ठिकाणी कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. दस्तऐवजात किंवा स्लाइडमध्ये घातलेला फोटो तिथे कापला, तर सहसा तो फक्त दिसेनासा होतो; फाइल ज्याच्या हाती लागते तो कडा ओढून पूर्ण फोटो परत मिळवतो. 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनात असा दोष उघड झाला, की कापून टाकलेला भाग फाइलमधून पुन्हा काढता येत होता. विंडोजच्या अशाच एका साधनातही तो निघाला. ते दोष दुरुस्त झाले, पण सवय लावून घ्यावी: काम झाले की फोटो पूर्ण पडद्यावर उघडायचा, त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तोच वापरायचा. त्यात दिसते तेवढेच असते.

या पायरीत एक गोष्ट तंत्राची नाही, पण सर्वांत जास्त चुकते. तीस मुलांच्या फोटोत एकाच्याच चेहऱ्यावर पिवळा हसरा गोळा. पाहणाऱ्याची नजर थेट तिथेच जाते. वर्गातल्या प्रत्येकाला कळते की हे मूल कोण, आणि "त्याचाच फोटो का झाकला?" ही कुजबुज सुरू होते. ज्याला जपायचे त्यालाच आपण दिव्याखाली उभे करतो. एक झाकायचा असेल तर सगळे झाका, नाहीतर तो फोटोच सोडा. मी बहुतेक वेळा सोडतो.

सातवी पायरी: न दिसणारी माहिती

फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. शाळेचा पत्ता तसाही सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे मैदानावरच्या फोटोत यामुळे फारसे बिघडत नाही. बिघडते ते पालकांनी घरून पाठवलेल्या फोटोत: ढाल हातात घेऊन घरच्या गॅलरीत काढलेला फोटो, आणि त्यात घराचा नेमका ठिकाणा. मोठी समाजमाध्यमे प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीतून ही माहिती सहसा काढून टाकतात. शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र फाइल अनेकदा जशीच्या तशी चढते. व्हॉट्सॲपवरही फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.

तपासणे अवघड नाही. फोनमधला फोटो उघडून वर सरकवला की तपशील दिसतात. खाली नकाशा आला तर लोकेशन आहे. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, मग `Properties`, `Details` आणि तळाशी `Remove Properties and Personal Information`. वर सांगितलेला स्क्रीनशॉट घेतला असेल तर मूळ फोटोचे ठिकाण त्यात येतच नाही.

जाता जाता फाइलचे नावही पाहा. मुलाचे नाव, वर्ग आणि "प्रथम क्रमांक" अशा नावाची फाइल संकेतस्थळावर चढली, तर पत्त्याच्या ओळीत तेच नाव दिसते. आयफोनवर लाइव्ह फोटो चालू असेल तर फोटोच्या मागेपुढे दीड-दीड सेकंदाची हालचाल आणि आवाजही साठतो. पाठमोरा फोटो असतो आणि पुढच्या क्षणी मूल वळलेले असते. पाठवण्यापूर्वी ते बंद करावे.

व्हिडिओबद्दल एकच सांगतो: आवाज काढून टाका. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जात असतात, कडेने पालक हाका मारत असतात. चित्र तपासताना आपल्याला ते ऐकू येत नाही, कारण कार्यालयात आपण फोनचा आवाज बंद ठेवूनच बघतो.

आठवी पायरी: टाकल्यानंतरचे दोन दिवस

पोस्ट कार्यक्रम चालू असताना टाकू नका. मुले अजून मैदानावर असताना "आत्ता, इथे" असे जगाला सांगण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी टाका. तोवर मजकूरही एकदा शिळा होऊन सुधारतो.

टाकली की खरे काम सुरू होते. माझ्या त्या जुन्या पोस्टखाली, नाव काढल्यानंतर अर्ध्या तासात, कोणीतरी कौतुकाने लिहिले होते: "डावीकडून तिसरी आमची (नाव)!" त्यापुढे काकांनी आडनाव जोडले आणि आजोबांनी "आजच घरी येऊन ढाल दाखवली" म्हणत सोसायटीचे नावही लिहिले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मी जे पुसले ते त्यांनी प्रेमाने भरून काढले.

म्हणून टिपण्या आधी तपासून मगच दिसतील अशी सोय असेल तर ती चालू करावी. नसेल तर टिपण्या बंद ठेवाव्यात किंवा दोन दिवस कोणीतरी लक्ष ठेवावे. इतरांनी टॅग केले तर तेही आधी आपल्या मंजुरीला यावे असे खात्याच्या सेटिंगमध्ये ठेवता येते. पोस्टच्या शेवटी एक साधी ओळ घाला: "मुलांची नावे इथे लिहू नयेत ही विनंती, कौतुक घरी भरभरून करावे." तरीही कोणी नाव लिहिले तर टिपणी आधी लपवा आणि मग खासगीत लिहा. सगळ्यांसमोर "कृपया नाव काढा" असे उत्तर दिले की आजोबांचा अपमान होतो आणि ज्यांनी नाव पाहिले नव्हते तेही पाहतात. मी एवढेच लिहितो: "आजोबा, तुमचा आनंद आमच्यापर्यंत पोहोचला. उघड्या पोस्टवर कोणाचेच नाव ठेवत नाही, म्हणून ओळ काढली आहे. शाळेत आलात की ढालीसोबत फोटो काढू."

आणि चूक आपलीच झाली असेल तर मजकूर दुरुस्त करत बसू नका. फेसबुकवर पोस्ट दुरुस्त केली तरी आधीचा मजकूर दुरुस्त्यांच्या इतिहासात पाहता येतो. मी नाव काढले असे समजत होतो तेव्हा ते एका क्लिकवर होते. पूर्ण पोस्ट काढून नव्याने टाका, जुन्यावरच्या पसंत्या गेल्या तर जाऊ द्या. ज्या ज्या ग्रुपमध्ये आपण स्वतः ती पाठवली तिथूनही काढा आणि पालकांना काय उघड झाले होते ते त्याच दिवशी सांगा. कोणी पुढे पाठवलेली प्रत किंवा घेतलेला स्क्रीनशॉट आपल्या हातात राहत नाही, हेही सांगावे लागते. तो फोन करणे अवघड असते. मी केला होता.

त्या मुलीच्या आईने फोनवर फार काही विचारले नाही. शेवटी म्हणाली, "सर, तो ढालीचा फोटो मला मात्र हवाय. न झाकलेला." मोठ्या आकारात छापून, पाकिटात घालून तो दुसऱ्या दिवशी मुलीच्या दप्तरातून घरी पाठवला.